आकड्यांनंतरचा प्रश्न: स्पष्टीकरणात्मक क्रमिक संशोधन

समाजशास्त्र, शिक्षण, आरोग्यसेवा अशा क्षेत्रांतले संशोधन फार काळ दोन स्वतंत्र वाटांनी चालत आले. एका वाटेवर शेकडो लोकांकडून प्रश्नावली भरून घेतात, उत्तरांचे आकडे करतात आणि संख्याशास्त्राच्या साहाय्याने त्यांतले संबंध शोधतात. दुसऱ्या वाटेवर मोजक्या माणसांशी दीर्घ मुलाखती होतात, त्यांच्या शब्दांतून अनुभवाचा अर्थ लावला जातो. एकाच अभ्यासात या दोन्हींचा विचारपूर्वक मेळ घालणे म्हणजे मिश्र पद्धती. ‘स्पष्टीकरणात्मक क्रमिक आराखडा’ हा तिचा एक सरळ आणि बराच वापरला जाणारा प्रकार आहे. त्यात आधी संख्यात्मक टप्पा पूर्ण होतो. त्याचे निष्कर्ष हातात आले की त्यांपैकी ज्यांचा उलगडा होत नाही, त्यांचे स्पष्टीकरण मिळवण्यासाठी गुणात्मक टप्पा आखला जातो.

येथे ‘क्रमिक’ या शब्दाला पूर्ण वजन आहे. प्रश्नावली आणि मुलाखती एकाच वेळी घेऊन शेवटी दोन्हींचे निष्कर्ष समोरासमोर ठेवणे हा निराळा आराखडा झाला. आधी मुलाखती घेऊन त्यांतून प्रश्नावली घडवणे हा आणखी तिसरा. स्पष्टीकरणात्मक क्रमिक आराखड्यात पहिल्या टप्प्याचे विश्लेषण झाल्याखेरीज दुसऱ्याची नेमकी आखणी करताच येत नाही. कोणाला भेटायचे आणि काय विचारायचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्या टप्प्यातूनच यावी लागतात.

एवढा वेळ घालवून दोन टप्पे कशासाठी, याचे उत्तर प्रत्येक पद्धतीच्या मर्यादेत आहे. संख्यात्मक सर्वेक्षण कोणते घटक एकमेकांसोबत बदलतात, किती बदलतात आणि तो बदल योगायोगाचा असण्याची शक्यता किती, हे सांगू शकते. त्या संबंधामागे माणसांच्या आयुष्यात नेमके काय घडते, हे मात्र संशोधकाने आधीच लिहून ठेवलेल्या पर्यायांपलीकडे कळत नाही. ‘विद्यार्थी-साहाय्य सेवांनी समाधानी आहात का?’ या प्रश्नाला एखाद्याने पाचपैकी दोन गुण दिले, तर त्याला फी भरण्याची अडचण आली, ग्रंथालयाचे पुस्तक वेळेवर मिळाले नाही की ईमेलला कोणी उत्तरच दिले नाही, हे त्या दोनमधून समजत नाही. नुसत्या मुलाखतींची अडचण याच्या उलट असते. माणसे भरभरून बोलतात. पण ती कोणाचे प्रतिनिधित्व करतात आणि त्यांनी सांगितलेली अडचण सर्वत्र आहे की त्यांच्यापुरतीच, हे ठरवायला आधार नसतो. जेनिफर ग्रीन आणि सहकाऱ्यांनी 1989 साली मिश्र पद्धतीच्या 57 मूल्यमापन-अभ्यासांची पाहणी करून पद्धती एकत्र आणण्याचे पाच हेतू वेगळे केले होते. त्यांतला ‘पूरकता’ हा हेतू या आराखड्याला सर्वांत जवळचा आहे: एका पद्धतीच्या निष्कर्षांचा खुलासा आणि विस्तार दुसरीने करायचा.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन केंद्रातला एक अभ्यास उपयोगी आहे. नतालिया इवानकोवा, जॉन क्रेसवेल आणि शेल्डन स्टिक यांनी 2006 साली ‘फील्ड मेथड्स’ या नियतकालिकात हा आराखडा कसा राबवायचा यावर एक लेख लिहिला, आणि उदाहरण म्हणून हाच अभ्यास घेतला. आराखडा शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आजही तो लेख वाचायला दिला जातो, आणि ते योग्यच आहे. कारण सहसा अहवालात गाळले जाणारे मधले निर्णय त्यात उघडपणे मांडलेले आहेत.

अभ्यासाचा विषय होता उच्च शिक्षणातील नेतृत्व या विषयाचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम. तो मुख्यतः दूरस्थ, ऑनलाइन स्वरूपात चालत असे. असे अभ्यासक्रम घेणारे विद्यार्थी बहुधा नोकरी आणि संसार सांभाळून शिकतात, त्यामुळे त्यांतले काही मध्येच थांबतात. काही जण टिकून राहतात आणि काही सोडून जातात, ते कशामुळे, हा मूळ प्रश्न होता.

पहिल्या टप्प्यात आजी-माजी 278 विद्यार्थ्यांना ऑनलाइन प्रश्नावली पाठवली गेली आणि 207 जणांनी ती भरून दिली. विद्यार्थ्यांचे चार गट होते: नुकतीच सुरुवात केलेले, अभ्यासक्रमाचा बराचसा भाग पुरा केलेले, पदवी मिळवलेले, आणि सोडून गेलेले किंवा निष्क्रिय झालेले. विश्लेषणासाठी भेददर्शक विश्लेषणाची पद्धत वापरली गेली. हिचा गाभा समजायला अवघड नाही. माणसे कोणत्या गटातली आहेत हे आधीच माहीत असते. कोणत्या उत्तरांना किती वजन दिले म्हणजे हे गट एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे दिसतील, हे ती पद्धत शोधते. या चार गटांना वेगळे करणारे पाच घटक पुढे आले: अभ्यासक्रम, ऑनलाइन शिक्षणाचे वातावरण, विद्यार्थी-साहाय्य सेवा, प्राध्यापक आणि विद्यार्थ्याची स्वतःची प्रेरणा.

बहुतेक सर्वेक्षणे येथे संपतात. पाच घटकांची यादी, तिच्याखाली काही शिफारशी, आणि अहवाल पूर्ण. पण ही यादी हाती घेऊन अभ्यासक्रम सुधारायला बसलेल्या विभागप्रमुखाला तिचा फारसा उपयोग होत नाही. ऑनलाइन वातावरण महत्त्वाचे आहे हे कळले. त्यातले काय टिकवून धरते आणि काय दूर लोटते, ते कळले नाही. दुसऱ्या टप्प्याची गरज येथून सुरू होते.

दोन टप्प्यांमधला हा सांधा म्हणजे या आराखड्याचा खरा कस लागण्याची जागा. प्रश्नावली चांगली असू शकते, मुलाखतीही चांगल्या असू शकतात, आणि तरी सांधा कच्चा राहिला तर हाती एका मुखपृष्ठाखालचे दोन वेगळे अभ्यास येतात. नेब्रास्काच्या अभ्यासात हा सांधा दोन ठिकाणी जोडलेला दिसतो: माणसांच्या निवडीत आणि प्रश्नांच्या घडणीत.

आधी निवड. मुलाखतीसाठी चारच जण घेतले, प्रत्येक गटातून एक. एवढ्या थोड्या माणसांची निवड ओळखीवर किंवा कोण बोलायला तयार आहे यावर सोपवली असती, तर पहिल्या टप्प्याच्या 207 उत्तरांचा दुसऱ्याला काहीच उपयोग झाला नसता. म्हणून संशोधकांनी प्रश्नावलीचे आकडेच चाळणीसारखे वापरले. गटातल्या प्रत्येकाच्या गुणांची त्या गटाच्या सरासरीशी तुलना केली आणि सरासरीपासून एका प्रमाण त्रुटीच्या आत असलेले विद्यार्थी त्या गटाचे ‘नमुनेदार’ सदस्य मानले. प्रमाण त्रुटी म्हणजे नमुन्यावरून काढलेली सरासरी किती मागेपुढे होऊ शकते याचे माप. तिच्या आत असलेला माणूस गटाच्या मध्याजवळचा असतो. अशा नमुनेदार उमेदवारांतून पुन्हा निवड करताना वय, लिंग, राहण्याचे ठिकाण यांसारख्या बाबतींत चौघे एकमेकांपासून वेगळे राहतील याची काळजी घेतली. म्हणजे पहिली चाळणी प्रातिनिधिकतेसाठी होती आणि दुसरी विविधतेसाठी.

नमुनेदार माणसेच घ्यावीत असा नियम मात्र नाही. कोणता निष्कर्ष उलगडायचा आहे, त्यावर निवड ठरते. गट एकमेकांपासून वेगळे का आहेत हा प्रश्न असेल, तर प्रत्येक गटाचा मध्य दाखवणारी माणसे हवीत, आणि नेब्रास्कात प्रश्न तोच होता. प्रारूपाने ज्यांच्याबद्दल चुकीचे भाकीत केले त्यांच्याविषयी प्रश्न असेल, तर नेमकी तीच अपवादात्मक माणसे शोधावी लागतात: सगळे गुण अनुकूल असूनही सोडून गेलेला विद्यार्थी, किंवा सगळे प्रतिकूल असूनही पदवी घेऊन बाहेर पडलेला. अपेक्षेप्रमाणे न निघालेला निष्कर्षही पाठपुराव्याला योग्य असतो. एखादा घटक आधीच्या साहित्यात महत्त्वाचा ठरलेला असतो आणि येथे मात्र त्याचा परिणाम दिसत नाही. तो खरोखरच बिनमहत्त्वाचा आहे, की सर्वांवर त्याचा सारखाच परिणाम झाल्यामुळे गटांत फरक दिसला नाही? संख्याशास्त्र या दोन शक्यतांत भेद करू शकत नाही; मुलाखत करू शकते.

दुसरा सांधा प्रश्नांचा. मुलाखतीची प्रश्नसूची पहिल्या टप्प्याच्या निष्कर्षांवरून तयार झाली. प्रश्नावलीत घटकाला गुण द्यायचे होते. मुलाखतीत तोच घटक खुल्या प्रश्नाच्या रूपाने पुन्हा आला, म्हणजे अभ्यासक्रमात टिकून राहण्यात त्याचा तुमच्यासाठी काय वाटा होता, हे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत सांगायचे. येथे एक सापळा आहे. संशोधकाला आकडे आधीच माहीत असल्यामुळे ‘सर्वेक्षणात प्राध्यापकांची भूमिका महत्त्वाची दिसली, तुम्हालाही तसेच वाटते ना?’ अशा धर्तीचे प्रश्न सहज तयार होतात. त्यांना होकारच मिळतो, आणि तो होकार स्पष्टीकरण म्हणून छापला जातो. यावरचा उपाय साधा आहे. मुलाखतीच्या सुरुवातीला कोणताही घटक न सुचवता त्या माणसाला आपला प्रवास सांगू द्यायचा, आणि प्रश्नावलीतले घटक त्यानंतर काढायचे. न विचारता आलेली गोष्ट आणि विचारल्यावर आलेली गोष्ट यांची वेगळी नोंद ठेवली, तर दोन्हींचे वजन पुढे नीट ठरवता येते.

नेब्रास्काच्या दुसऱ्या टप्प्यात फोनवरील मुलाखती मुख्य होत्या, पण तेवढ्यावर संशोधक थांबले नाहीत; विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींसारखी इतर सामग्रीही त्यांनी पाहिली. प्रत्येक विद्यार्थी हे स्वतंत्र प्रकरण मानून आधी त्याचे आतून विश्लेषण केले आणि नंतर चारही प्रकरणांची एकमेकांशी तुलना केली. त्यातून चार सूत्रे निघाली: शैक्षणिक अनुभवांचा दर्जा, ऑनलाइन शिक्षणाचे वातावरण, विद्यार्थ्याला मिळणारा आधार आणि साहाय्य, आणि त्याची स्वतःची प्रेरणा. ही सूत्रे चौघांच्याही बोलण्यात होती, परंतु त्यांच्या पोटातली उपसूत्रे सर्वांची सारखी नव्हती. एकाच नावाच्या घटकात टिकलेल्या आणि सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव कोठे वेगळा होतो, हे अशा उपसूत्रांच्या पातळीवर दिसते, आणि प्रश्नावलीतला एक गुण तेथवर पोहोचत नाही.

या अभ्यासात अग्रक्रम कोणत्या टप्प्याला, हाही विचार करण्याजोगा निर्णय होता. 207 उत्तरांचा टप्पा आधी आणि मोठा. तरी संशोधकांनी वजन गुणात्मक टप्प्याला दिले, कारण अभ्यासाचा उद्देश निष्कर्षांचा खोलवर उलगडा हा होता आणि सामग्रीचे बहुतेक संकलन दुसऱ्या टप्प्यात झाले. हे वजन दाखवण्याची एक रूढ खूणपद्धत आहे. जॅनिस मोर्स यांनी 1991 साली ती सुचवली: मुख्य पद्धतीचे संक्षिप्त नाव रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत, दुय्यम पद्धतीचे लहान अक्षरांत, एकामागून एक चालल्या तर मध्ये बाण, एकाच वेळी चालल्या तर अधिक चिन्ह. नेब्रास्काच्या अभ्यासाची खूण म्हणून लहान अक्षरांतले संख्यात्मक, मग बाण, मग मोठ्या अक्षरांतले गुणात्मक, अशी होते. याच आराखड्यातल्या दुसऱ्या कित्येक अभ्यासांत उलटे असते. मोठे सर्वेक्षण मुख्य आणि त्याच्या पाठोपाठ छोटा मुलाखतींचा टप्पा. दोन्ही चालतात, मात्र निर्णय उद्देशावरून घ्यावा लागतो, टप्प्याच्या आकारावरून नाही.

दोन्ही टप्पे संपल्यानंतर एकात्मीकरणाचे काम पुन्हा एकदा करावे लागते, या वेळी अर्थ लावताना. मायकेल फेटर्स, लेस्ली करी आणि क्रेसवेल यांनी 2013 साली एकात्मीकरणाच्या तीन पातळ्या सांगितल्या: आराखड्याची, पद्धतींची, आणि अर्थ लावून मांडणी करण्याची. नमुन्यातून निवड करणे आणि निष्कर्षांवरून प्रश्न घडवणे हे दुसऱ्या पातळीवरचे जोड आहेत. तिसऱ्या पातळीवर सर्वांत उपयोगी साधन म्हणजे संयुक्त मांडणी, अर्थात दोन्ही टप्पे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी आणणे. पहिल्या स्तंभात संख्यात्मक निष्कर्ष, दुसऱ्यात त्याच मुद्द्यावर मुलाखतींत मिळालेले, आणि तिसऱ्यात या दोन्हींवरून आता काय म्हणता येते. तिसरा स्तंभ भरणे सर्वांत कठीण असते. पहिले दोन पुनरुक्तीने भरता येतात. तिसऱ्यात असे विधान लिहावे लागते की जे आधीच्या दोन स्तंभांपैकी एकट्याच्या आधाराने करता आले नसते.

नेब्रास्काच्या निष्कर्षांवर हा तक्ता आखला, तर एक बाब लगेच नजरेत भरते. पहिल्या टप्प्यातले घटक पाच आहेत आणि दुसऱ्यातली सूत्रे चार. ऑनलाइन वातावरण, आधार आणि प्रेरणा ही तीन नावे जवळपास तशीच पुढे येतात, तर ‘अभ्यासक्रम’ आणि ‘प्राध्यापक’ यांची जागा शैक्षणिक अनुभवाच्या दर्जाचे एकच व्यापक सूत्र घेते. प्रश्नावलीने दोन वेगवेगळ्या खान्यांत मोजलेले विद्यार्थ्याला एकत्रच जाणवत असावे, असा अर्थ येथे सुचतो. नावांचे हे जुळणे समाधान देणारे आहे, पण त्याकडे सावधपणे पाहायला हवे. मुलाखतीचे प्रश्नच पाच घटकांभोवती बांधलेले असल्यावर सूत्रे त्यांच्या जवळपास येणे स्वाभाविक असते. म्हणून नावे जुळण्याला कमी महत्त्व द्यावे आणि सूत्रांच्या आत सापडलेल्या फरकांना अधिक. स्पष्टीकरण असते ते त्या फरकांत.

दोन टप्पे एकमेकांना छेद देतात तेव्हा काय करायचे, हा प्रश्न नवख्या संशोधकाला घाबरवतो. समजा, एखाद्या अभ्यासात सोडून गेलेल्यांनी प्रेरणेला कमी गुण दिले. पण मुलाखतीत त्यांच्यातला एक जण सांगतो की शिकण्याची ओढ शेवटपर्यंत होती, नोकरीतल्या बदलीमुळे थांबावे लागले. अशा वेळी गैरसोयीचे वाक्य गाळणे किंवा आकडा खोटा ठरवणे, दोन्ही चूक. आधी मोजमाप तपासावे: प्रश्नावलीतल्या विधानांनी प्रेरणा मोजली की मिळणारा मोकळा वेळ? मग काळ तपासावा: प्रश्नावली आणि मुलाखत यांमध्ये महिने गेले असतील, तर माणसाची आपल्याच भूतकाळाकडे पाहण्याची नजर बदललेली असू शकते. शेवटी निवड तपासावी: हा माणूस गटाच्या मध्याजवळचा आहे की टोकाचा? तिन्ही तपासण्यांनंतरही विसंगती उरली, तर ती जशी आहे तशी अहवालात मांडावी. पुढच्या अभ्यासाचा प्रश्न बहुधा तेथेच सापडतो.

हा आराखडा कागदावर सोपा वाटतो, पण व्यवहारात तो सर्वाधिक अडतो एका क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी. प्रश्नावली पूर्णपणे निनावी ठेवली, तर तिच्यातून निवडलेल्या माणसापर्यंत पुन्हा पोहोचता येत नाही. मग दुसऱ्या टप्प्यासाठी नवीच माणसे शोधली जातात आणि ती दुसऱ्याच कोणाच्या उत्तरांचे स्पष्टीकरण देऊ लागतात. याकरिता पुढे संपर्क साधण्याची परवानगी पहिल्याच प्रश्नावलीत मागावी लागते आणि उत्तरांना सांकेतिक क्रमांक देऊन नावांची यादी वेगळी, सुरक्षित ठेवावी लागते. संशोधन-नैतिकता समितीसमोरही अडचण येते, कारण दुसऱ्या टप्प्याचे नेमके प्रश्न त्या वेळी ठरलेलेच नसतात. तात्पुरती प्रश्नसूची सादर करून, निष्कर्षांनंतर ती बदलेल हे आधीच नमूद करायचे आणि बदललेली सूची मंजुरीसाठी पुन्हा पाठवायची, ही त्यावरची नेहमीची वाट आहे. दोन टप्पे एकामागून एक असल्यामुळे वेळही जास्त लागतो. पदवीच्या मुदतीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या टप्प्याचे विश्लेषण लांबवले, तर दुसरा घाईत उरकला जातो, आणि मग आकड्यांवरून निवड करण्याऐवजी जो भेटेल त्याची मुलाखत होते.

असा अभ्यास वाचताना सांधा खरा आहे की नावापुरता, हे ओळखण्याची एक कसोटी वाचकाच्या हातात असते. पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष वेगळे निघाले असते, तर दुसऱ्या टप्प्यातली माणसे आणि प्रश्न बदलले असते का? अहवालात याचे उत्तर सापडत नसेल, तर दोन्ही टप्पे बहुधा आधीच ठरवलेले होते. मुलाखतीला आलेल्यांचे प्रश्नावलीतले गुण किती होते आणि त्यांनाच का निवडले, हे लिहिलेले नसले तरी तीच शंका घ्यावी. चर्चेच्या भागात ‘मुलाखतींनी सर्वेक्षणाला दुजोरा दिला’ एवढेच वाक्य असेल, तर स्पष्टीकरणाचे काम झालेलेच नाही, कारण दुजोरा आणि उलगडा या वेगळ्या गोष्टी आहेत.

या आराखड्याने काय साधत नाही, तेही स्पष्ट आहे. चार जणांच्या मुलाखतींतून मिळालेले स्पष्टीकरण कितीही पटणारे असले, तरी त्या 278 विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ते लागू पडते, हे त्यावरून सांगता येत नाही. सर्वेक्षणाला प्रातिनिधिकता असते, म्हणून त्याच्या पाठोपाठ आलेल्या मुलाखतींना ती आपोआप मिळत नाही. चौघांनी दिलेली कारणे सर्वांवर तपासायची असतील, तर त्या कारणांवरून नवी प्रश्नावली तयार करून ती पुन्हा मोठ्या नमुन्याकडे न्यावी लागते, आणि तो तिसरा टप्पा या आराखड्याच्या बाहेरचा आहे.